कॅटनिपकडे ढुंकूनही न बघणारा बोका: घरगुती चाचणीच्या नोंदी

१४ जुलै २०२४

घरात चार मांजरं आहेत. बकुळ तीन वर्षांची, कॅटनिप या मांजरांना भुलवणाऱ्या वासाच्या वनस्पतीवर जीव टाकणारी. गोट्या पाच वर्षांचा, निर्बीजीकरण झालेला, धष्टपुष्ट आणि बिनधास्त बोका. त्याला कॅटनिप आणि जुनं वर्तमानपत्र सारखंच. टिल्ली चार महिन्यांची. सखू गेल्याच महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमधून वर आली, अजून दिवाणाखालून बाहेर यायला तयार नाही. बकुळ सोडली तर तिघंही कॅटनिपला भीक घालत नाहीत. ‘काही मांजरांना आवडतं, काहींना नाही’ हे उत्तर मला पुरत नाही. तिघांची कारणं वेगवेगळी असावीत असा संशय आहे, म्हणून ही वही.

पद्धत साधी ठेवली आहे. धुतलेले सुती पायमोजे घ्यायचे. एकात अर्धा चमचा वाळलेलं कॅटनिप, दुसऱ्यात तेवढीच कसुरी मेथी, आणि दोन्हींना गाठ मारायची. मेथी यासाठी की नवी वस्तू दिसली की मांजर हुंगतंच. मेथीला आणि कॅटनिपला सारखीच वागणूक मिळाली तर ते नुसतं कुतूहल. प्रत्येकाला स्वतःचा मोजा, दार लावलेली खोली, कोपऱ्यात फोनवर चित्रीकरण चालू. एकाचा झाला की हात साबणाने धुवायचे.

२१ जुलै

गोट्याकडे जाण्याआधी माल तपासला. ऑनलाइन मागवलेलं पाकीट वर्षभर कपाटात पडून होतं. उघडलं तर आत राखाडी-तपकिरी काड्याच जास्त, वास वाळक्या गवतासारखा. बकुळसमोर मोजा टाकला, तिने हुंगून पाठ फिरवली. बकुळच ज्याला विचारत नाही त्यावरून गोट्याची परीक्षा कशी घ्यायची?

दुसरं पाकीट ओळखीच्या एका मांजरवालीकडून आणलं. पानं हिरवट, चुरडली की पुदिन्याच्या जवळचा पण जरा उग्र वास. यावर बकुळ लगेच लोळली. कॅटनिप पुदिन्याच्याच कुळातलं. मांजराला भुलवणारं द्रव्य म्हणजे नेपेटालॅक्टोन, आणि ते पानाच्या पाठीवरच्या बारीक ग्रंथींमध्ये असतं. ते उडून जाणारं असल्याने उजेड, ऊब आणि सैल झाकण यांनी माल मरतो. दुकानातल्या पुष्कळशा ‘कॅटनिप उंदरां’चं हेच होत असणार. म्हणून यापुढे हाच नियम: कुठलाही माल आधी बकुळपुढे, मग इतरांपुढे.

२८ जुलै

पहिली फेरी.

बकुळ: हुंगलं, चाटलं, डोकं दोनदा झटकलं. मग हनुवटी आणि गाल मोज्यावर घासायला लागली. पाठीवर लोळली, मोजा पुढच्या पायांत धरून मागच्या पायांनी लाथा झाडल्या. थोडी लाळही गळली. दहा मिनिटांत सगळं ओसरलं. मोजा तिथेच पडलेला, ती शांतपणे पंजे चाटत बसली. पुन्हा नाकाशी धरला तर बघेना. हे नेहमीचंच आहे. पाच ते पंधरा मिनिटं रंगतं, मग नाक जणू संप करतं आणि तासभर तरी परत येत नाही. म्हणून एका दिवसात दुसरी चाचणी नाही.

गोट्या: कॅटनिप हुंगलं, मेथी हुंगली, मेथीपाशी किंचित जास्त रेंगाळला, मग खिडकीत जाऊन बसला. अंग सैल, कान ताठ, घाबरल्याचं चिन्ह नाही.

टिल्ली: मोज्याशी खेळली, पण दोन्हींशी सारखीच. गाल घासणं नाही, लोळणं नाही.

सखू: दिवाणाखालून नाकसुद्धा बाहेर काढलं नाही.

टिल्लीचं कारण उघड आहे. पिल्लांमध्ये हा प्रतिसाद साधारण तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान जागा होतो, त्याआधी पिल्लू कुणाचंही असो, निकाल कोराच. सखूचं कारण भीती. नव्या जागी बावरलेलं मांजर खात-पीत नाही, खेळत नाही, मग लोळेल कशाला? दवाखान्याच्या टेबलावर कॅटनिप देऊन ‘आमच्याला चालत नाही’ म्हणणाऱ्यांचंही असंच होतं. या दोघींना ‘नापास’ लिहिलं नाही, ‘परीक्षा बाकी’ लिहिलं. राहिला गोट्या. तो वयात आलेला, निवांत, आणि माल ताजा.

४ ऑगस्ट

शेजारच्या काकूंनी काळजीने विचारलं, “अगं, ही नशा ना? मग रोज लागेल तिला.” चहा होईपर्यंत त्यांना सांगत बसले, तेच इथे उतरवते.

हा सगळा खेळ नाकाचा आहे. वास नाकातल्या गंधपेशींना कळतो आणि मेंदूत पुढचं घडतं. पोटात जाण्याची गरज नाही. मांजर पान चावतं ते वास आणखी सुटावा म्हणून. जपानच्या इवाते विद्यापीठातल्या मासाओ मियाझाकी यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं की सिल्व्हरवाइन या मांजरांना भुलवणाऱ्याच दुसऱ्या एका वेलीतल्या नेपेटालॅक्टोल या द्रव्याचा वास घेतल्यावर मांजराच्या रक्तात बीटा-एंडॉर्फिन वाढतं. हे शरीराचं स्वतःचं वेदनाशामक. अफूजन्य औषधांचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन आधी दिलं तर घासणं-लोळणं कमी होतं. म्हणजे सुख मिळतं ते मांजराच्या स्वतःच्याच शरीरातून, बाहेरून अफू आत जात नाही. आणि वर लिहिलेला तो संप असल्यामुळे जास्त ओतून जास्त मजा येत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त आवडली. लोळून लोळून हे द्रव्य मांजराच्या तोंडाला आणि डोक्याला लागतं, आणि अशा मांजरांवर डास कमी बसले. कॅटनिपमुळे कीटक पळतात हे जुनंच माहीत होतं. म्हणजे वेडेपणा वाटतो तो कदाचित अंगाला डासांचं औषध चोळण्याचा प्रकार आहे. पुढे २०२२ मध्ये त्यांनीच दाखवलं की चावून-चुरडून पान जखमी झालं की ही द्रव्यं कितीतरी पटींनी जास्त सुटतात. बकुळ पान आधी का चावते, त्याचा उलगडा झाला.

काकू म्हणाल्या, “मग आम्हालाही चोळायला दे थोडं.” पुण्यातल्या ऑगस्टमधले डास बघता मागणी रास्त होती.

१८ ऑगस्ट

सोसायटीच्या कुंपणाशी माळीकाका तण उपटत होते. त्यात खोकली होती: गुडघ्याएवढी, पानांच्या बेचक्यांत दातेरी वाटीसारखी छदं असलेली, पावसाळ्यात कुठेही उगवणारी. उपटलेल्या ढिगाशी एक भटका बोका मुळांवर गाल घासत होता, अगदी बकुळसारखाच. काका म्हणाले, “ते येडं हायेत त्या मुळीसाठी. रोजचंच.”

या मुळांत कॅटनिपमधल्या द्रव्याचीच जवळची भावंडं सापडली आहेत. केरळकडचे लोक या झाडाचा हा गुण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतात. मोह होतो खरा: फुकट, ताजं, आपल्या मातीतलं. पण घरात आणलं नाही. खोकलीत सायनाइड देऊ शकणारं द्रव्य असतं, आणि ठरावीक रक्तदोष असलेल्या माणसांमध्ये तिच्या सेवनाने तांबड्या पेशी फुटल्याच्या नोंदी आहेत. मांजराने मूळ हुंगून सोडलं तर गोष्ट वेगळी, पण गोट्यासारखा खादाड ते चावून गिळणारच. शिवाय कुंपणाकडेला तणनाशक मारलेलं असतं.

१५ सप्टेंबर

सिल्व्हरवाइन आलं. जपानी नाव मातातबी. ही किवीच्या कुळातली डोंगरी वेल. दोन प्रकार मागवले होते, वाळलेल्या काड्या आणि फळगाठींची पूड. एक बारीक माशी फुलकळीत अंडी घालते, मग फळ नीट न वाढता वेडंवाकडं, गाठीसारखं होतं. मांजराला आवडणारी द्रव्यं या गाठींत सर्वांत जास्त असतात. काडीत खूप कमी.

गोट्याला आधी काडी. हुंगली, एकदा चावली, सोडली.

चार दिवसांनी नव्या मोज्यात पूड, चिमूटभर, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. जवळ आला. हुंगलं. तोंड किंचित उघडं ठेवून थांबला. मग खालचा जबडा मोज्यावर घासला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा हा बोका पाठीवर आडवा होऊन चारही पाय हवेत घेऊन लोळला. छातीवरचे केस लाळेने ओले. तेवढ्यात दार पुरतं लागलं नव्हतं म्हणून बकुळ डोकावली, तर मोज्यावर पंजा ठेवून तिच्यावर गुरगुरला. एरवी तिच्या ताटलीतलं निमूटपणे सोडून देणारा! बहुमांजरी घरात हे ध्यानात ठेवावं. रंगात आलेली काही मांजरं लाडाची न राहता हक्काची होतात, तेव्हा प्रत्येकाला वेगळी खोली. माणसानेही त्या वेळी पोटाला हात लावू नये.

हा नुसता योगायोग नाही. २०१७ मध्ये सेबास्टियान बोल आणि सहकाऱ्यांनी शंभर मांजरांवर चार वनस्पती तपासल्या. कॅटनिपला साधारण तीनांत दोन मांजरांनी दाद दिली, सिल्व्हरवाइनला जवळजवळ ८० टक्क्यांनी. आणि गोट्याच्या कामाचा आकडा असा की कॅटनिपला दाद न देणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्के मांजरं सिल्व्हरवाइनवर रमली. एका द्रव्याला नाक बंद असलं तरी दुसऱ्याला उघडं असू शकतं. सिल्व्हरवाइनमध्ये अशी द्रव्यं अनेक आहेत.

कॅटनिप न कळणं हे बरंचसं आनुवंशिक. १९६२ मध्ये नील टॉड यांनी हा गुण एकाच प्रभावी जनुकामुळे येतो असं मांडलं होतं. नंतरच्या कामात अनेक जनुकांचा एकत्र हात असल्याचं दिसलं. त्यामुळे ‘आई लोळते म्हणजे पिल्लंही लोळणार’ अशी पैज कुणी लावू नये.

२२ सप्टेंबर

काड्यांबद्दल डॉक्टरांशी बोलले. त्यांचं म्हणणं, धोका वनस्पतीचा नाही, लाकडाचा. काडी चावून बोथट झाली की कुसं निघतात, तुकडे गिळले जातात. म्हणून काडी समोर बसूनच द्यायची, साल सोलून धागे सुटले की टाकायची, आखूड उरलेली तर लगेच.

दुसरं त्यांनी बजावून सांगितलं ते तेलाबद्दल. बाटलीत मिळणारं कॅटनिपचं अर्कतेल मांजराच्या अंगावर किंवा बिछान्यावर कधीच टाकायचं नाही. मांजराचं यकृत अशा तेलांतली पुष्कळ द्रव्यं आपल्यासारखी निकामी करू शकत नाही, आणि अंगावर पडलेलं ते चाटून पोटात घेतंच. वाळलेलं पान मोज्यात बंद असलं की हा प्रश्न येत नाही. पान थोडं खाल्लं तर काही होत नाही. वाटीभर फस्त केलं तर उलटी किंवा जुलाब, आणि तेही बहुतेकदा आपोआप थांबतात.

३ ऑक्टोबर

आज घटस्थापना. घटासाठी गहू भिजवले तेव्हाच मांजरांसाठी वेगळं तसराळं केलं. कॅट ग्रास नावाने महागडं विकतात ते बहुतेक वेळा गहू, ओट किंवा बार्लीचे कोवळे अंकुरच. आपल्याकडचे गव्हांकुर म्हणजे तेच.

कॅटनिप-सिल्व्हरवाइनशी याचा काहीही संबंध नाही. इथे वासाची नशा नाही, लोळणं नाही. मांजर चरतं, तंतू पोटात जातो, बस्स. का चरतं याबद्दलचा सध्याचा पटणारा तर्क असा की हा रानटी पूर्वजांकडून आलेला वारसा आहे: गवताने आतड्याची हालचाल वाढते आणि जंत बाहेर ढकलले जातात. आज जंत असोत-नसोत, सवय उरली. ‘पोट बिघडलं म्हणून खातं’ ही समजूत बरीचशी चुकीची. मांजरवाल्यांकडून माहिती घेऊन केलेल्या अभ्यासात गवत खाण्याआधी आजारी दिसणारी मांजरं दहातही एक नव्हती. खाल्ल्यावर उलटी मात्र साधारण चारांत एकाला होते.

गहू कुठले घ्यायचे यात खरी मेख आहे. कृषी सेवा केंद्रातलं बियाणं गुलाबी-लाल रंगाचं असतं, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, ते नकोच. घरच्या डब्यातल्या गव्हालाही कीड लागू नये म्हणून आपण बोरिक पावडर किंवा पाऱ्याच्या गोळ्या घालतो. म्हणून वाण्याकडून पाव किलो सुटे, काही न लावलेले गहू आणले. रात्रभर भिजवले, दोन बोटं ओल्या कोकोपीटवर एकाला एक लागून पसरले, वर पातळ थर.

घटातले अंकुर मांजरांना द्यायचे नाहीत. धर्म राहू द्या, त्यावर हळद-कुंकू आणि समईचं तेल पडलेलं असतं.

८ ऑक्टोबर

तसराळ्यात मुळांभोवती पांढरा कापूस दिसला. घाबरून टाकून देण्याआधी एक करून बघावं: पाण्याचा फवारा मारायचा. ती नुसती मूळकेसांची लव असेल तर ओली होऊन चिकटते आणि दिसेनाशी होते. बुरशी असेल तर जाळं तसंच राहतं, दाण्यावरून दाण्यावर पसरतं, करडं-हिरवं पडतं आणि कुबट वास येतो. आमची लव होती. एका कोपऱ्यात मात्र न उगवलेल्या दाण्यांवर करडी बुरशी आली, तेवढा भाग मूठभर कोकोपीटसकट काढला. ऑक्टोबर हिटमध्ये झाकण ठेवलं की हे होणारच, वारा हवा.

१२ ऑक्टोबर

दसरा. अंकुर वीतभराच्या आत, हिरवेगार. सखू दिवाणाखालून पहिल्यांदा दिवसाढवळ्या बाहेर आली ती या तसराळ्यासाठी. मान वाकडी करून, दाढेत पातं धरून खेचत होती. गोट्याने खाल्लं आणि अर्ध्या तासाने पाती जशीच्या तशी पायपुसण्यावर परत केली. एवढ्याने काही होत नाही. आठवड्यात वरचेवर उलटी, नुसत्याच कोरड्या उमळ्या, जेवण बंद, किंवा गवत खाल्ल्यावर अचानक सारखं शिंकणं आणि घशात अडकल्यासारखं गिळणं असेल तर दवाखाना. पातं कधी कधी टाळूच्या मागून नाकाकडे चढतं. जाड, करवती कडांच्या रानगवताने हे जास्त होतं. कोवळ्या गव्हाने क्वचित.

पाती पिवळी पडून आडवी झाली की तसराळं रिकामं करून नवं पेरायचं. घरात हे असलं की इतर कुंड्यांवरचे हल्ले कमी होतात असं दिसतं, पण त्या भरवशावर लिली घरात ठेवू नये. लिलीच्या फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतं.

२७ ऑक्टोबर

पाऊस संपला, कॅटनिप पेरलं. पावसाळ्यात इथे रोपं बुडाशी कुजतात. बी मोहरीहून बारीक, म्हणून वर माती लोटली नाही, नुसतं दाबून फवारलं. कुंडीवर कोंबड्यांची जाळी उलटी ठेवली आहे, कारण पान जरा दुखावलं की वास सुटणार आणि बकुळ रोप मुळासकट निजवणार.

२४ नोव्हेंबर

सखू आता दिवाणावर झोपते. जुलैतलाच, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवलेला माल आधी बकुळला दिला, ती लोळली. मग सखूला मोजा.

ती लोळली नाही. हुंगलं, एकदा गाल टेकवला, मग मोज्यापाशी पुढचे पाय दुमडून बसली. डोळे अर्धवट मिटलेले, शेपूट स्थिर. सात-आठ मिनिटं तशीच. मेथीपाशी क्षणभरही थांबली नाही. चित्रीकरण नसतं तर मीही ‘काही झालं नाही’ म्हणून पुढे गेले असते. २०१७ मधल्या एका मेक्सिकन अभ्यासात नेमकं हेच नोंदलं आहे: लोळणाऱ्यांखेरीज बाकीची प्रौढ मांजरं शांत, बैठ्या पद्धतीने दाद देतात, आवाज आणि हालचाल कमी होते. वय, लिंग आणि लवकर झालेलं निर्बीजीकरण यांचा त्यावर परिणाम होतो. त्या हिशोबाने पाहिलं तर ‘दुर्लक्ष करणाऱ्या’ मांजरांपैकी काही मुळात दुर्लक्ष करतच नसतात.

मग गोट्याचं जुलैतलं चित्रीकरण पुन्हा काढून पाहिलं. नाही. तो खरंच खिडकीतून कबुतरं बघत होता.

१२ जानेवारी २०२५

कॅटनिपला कळ्या धरल्या. तेल या सुमारास भरपूर असतं म्हणून वरची वीतभर खुडली, कागदी पिशवीत सैल भरून सावलीत टांगली. पुण्याच्या कोरड्या थंडीत आठवड्यात पानं कुरकुरीत होतात. उन्हात नाही, ओव्हनमध्ये नाही. वाळल्यावर पानं अख्खीच बरणीत, द्यायच्या वेळी चुरडायची.

टिल्ली आता दहा महिन्यांची. ताजं पान चुरडून दिलं: हुंगलं, चघळलं, थुंकलं, गेली. बसून राहणंही नाही. वयाची सबब संपली. माल ताजा आहे, बकुळने पास केला आहे, आणि टिल्ली घाबरट तर अजिबातच नाही. पुढच्या रविवारी फळगाठींची पूड. गोट्याच्या खोलीचं दार आधी नीट लावून.